दिसलेले आणि ताडलेले

आजोबांच्या पेटीतली खरेदीखते आजही वाचता येतात. शाई तपकिरी झालेली असते, घड्यांवर कागद तुटलेला असतो, मोडी जाणणारा माणूस शोधून आणावा लागतो. पण अक्षर आपल्या जागेवर असते. उलट दोन वर्षांपूर्वी धान विकून आणलेली पावती आज काढून पाहावी, तर पुष्कळदा हाती कोरा कागद येतो. धरमकाट्याची चिठ्ठी, एसटीचे तिकीट, रेशन दुकानातल्या यंत्राची पावती, बँकेच्या यंत्रातून निघालेला कपटा, हे सारे एकाच जातीच्या कागदावर उमटते, आणि त्या जातीचा धर्मच विसरण्याचा आहे.

याचे कारण असे की त्या कागदावर कोणी काही लिहिलेलेच नसते. शाई तेथे नाहीच. कागदाच्या गुळगुळीत थरात एक रंगहीन रंगद्रव्य आणि एक आम्लधर्मी पदार्थ असे दोघे शेजारी शेजारी, पण वेगवेगळे बसवलेले असतात. छापणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी बारीक तापणारे ठिपके असतात. बहुधा एका मिलिमीटरला आठ. ज्या ठिपक्याला आच लागते तेथे ते दोन पदार्थ वितळून एकमेकांना भेटतात आणि काळा रंग प्रकट होतो. ही भेट कायमची नसते. ऊन लागले, दमट हवा लागली, हाताचे तेल लागले की ती सुटू लागते. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मऊ प्लास्टिक. प्लास्टिक लवचीक राहावे म्हणून त्यात जे तेलकट पदार्थ घालतात ते हळूहळू कागदात उतरतात आणि रंगाची गाठ सोडवतात. म्हणून जो शेतकरी पावती बेफिकीरपणे वहीच्या कागदात गुंडाळून ठेवतो त्याची पावती टिकते, आणि जो ती जपून पासबुकाच्या प्लास्टिकच्या वेष्टनात ठेवतो त्याची पुसते.

पुसलेली पावती वाचून देणे हे काम आमच्या भागात गावच्या मास्तराकडे येते. अक्षर चांगले, चष्मा आहे, आणि गणित येते असा समज आहे. या कामात एक प्रश्न दडलेला आहे. दिसायला तो अगदी क्षुल्लक आहे, आणि मला मात्र तो नीतीचा प्रश्न वाटतो. पावतीवरचे काही आकडे मला दिसतात, काही अर्धवट दिसतात, आणि काही मुळीच न दिसता मी बुद्धीने भरून काढतो. नक्कल करताना हे तिन्ही आकडे मी सारख्याच शाईने, सारख्याच ठसठशीतपणे लिहावेत काय? भरून काढलेला आकडा बरोबर असेल, तर तो भरून काढलेला आहे हे सांगण्याची गरज आहे काय?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक पावतीच समोर घेऊ. पवनी तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने २०२३च्या डिसेंबरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून धान नेऊन एका व्यापाऱ्याला विकले. नाव कोणाचेच सांगत नाही. त्याने काही बिघडत नाही. धरमकाट्याच्या चिठ्ठीवर तीन ओळी होत्या: भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि दोहोंची वजाबाकी म्हणजे निव्वळ धान. चिठ्ठीचा वरचा भाग पासबुकाच्या प्लास्टिकात होता आणि खालचा बाहेर डोकावत होता. त्यामुळे शेवटची ओळ स्वच्छ राहिली: ३७८० किलो. वरच्या दोन ओळींत मात्र शतकाच्या जागेचे आकडे जवळजवळ गेले होते. भरल्या गाडीचे वजन ७?४० आणि रिकाम्या गाडीचे ३?६०, एवढेच वाचता येत होते. पावतीवरचे आकडे इंग्रजी वळणाचे होते. मी येथे ते देवनागरीत लिहीत आहे, पण वळणाची गोष्ट येईल तेथे वाचकांनी इंग्रजी आकडेच डोळ्यांपुढे आणावेत.

तक्रार अशी होती की रिकाम्या गाडीचे वजन जास्त धरले गेले. रिकामी गाडी जितकी जड दाखवावी तितके धान कमी भरते, हे उघड आहे. त्याच ट्रॅक्टर-ट्रॉलीची, दुसऱ्या एका काट्यावरची, महिनाभर आधीची चिठ्ठी त्याच्यापाशी होती आणि तीत रिकामे वजन ३२५० होते. टाकीतले डिझेल, चाकांचा चिखल, चालवणारा माणूस यांनी काही दहा किलोंचा फरक पडतो. शेकड्यांचा पडत नाही.

आता गणित काय सांगते ते पाहू. निव्वळ वजन ३७८० हे निश्चित. वरच्या दोन ओळींच्या उरलेल्या आकड्यांशी ते जुळायचे, तर भरल्या गाडीचा हरवलेला आकडा रिकाम्या गाडीच्या हरवलेल्या आकड्यापेक्षा बरोबर दोनने लहान असला पाहिजे. ज्याला हवे त्याने हातचा धरून करून पाहावे. म्हणजे वर शून्य असेल तर खाली दोन, वर एक असेल तर खाली तीन, असे वर सात आणि खाली नऊपर्यंत. आठ जोड्या निघतात आणि आठही वजाबाकीला सारख्याच पटतात. एका उभ्या रांगेत एकच आकडा हरवला असता तर गणिताने तो हात धरून परत आणला असता. दोन हरवले की गणित फक्त त्यांचे नाते सांगते, त्यांची ओळख सांगत नाही.

येथे डोळ्यांचे काम सुरू होते. हे काम गणिताच्या आधी करावे लागते, हे मात्र मी मुद्दाम सांगतो. एकदा उत्तर मनात बसले की डोळा त्याचा चाकर होतो. प्रथम चिठ्ठीचे छायाचित्र काढून ठेवले, कारण हा कागद हाताळतानाही आणखी पुसतो. कोणी तरी सुचवले की इस्त्री किंवा दिव्याच्या काचेची ऊब द्यावी म्हणजे अक्षरे परत येतात. हा सल्ला घातक आहे. आच लागली की कोरा भागही काळवंडतो, आणि जे थोडे उरले आहे तेही त्या काळोखात जाते. मग परत फिरणे नाही. त्याऐवजी अंधाऱ्या खोलीत मोबाईलची बत्ती कागदाच्या कडेने, जवळजवळ आडवी धरावी. रंग गेला तरी तापलेल्या ठिपक्यांनी थराची चकाकी बदललेली असते, आणि तिरप्या उजेडात ती कधी कधी कळते. मग जाड पुठ्ठ्याला एक आकडा मावेल एवढी खिडकी कापून शेजारचे आकडे झाकावेत आणि एकेक आकडा एकटा वाचावा.

अशा वाचनात वरच्या ओळीतल्या आकड्याची उजवीकडची कमान दिसली. डावीकडचे काहीच उरले नव्हते. उजवी कमान इंग्रजी शून्याला असते, तीनला असते, आठला असते, नवालाही असते. रिकाम्या गाडीच्या ओळीतल्या आकड्याची वरची आडवी रेघ आणि तळाची आडवी रेघ तेवढी दिसली. दोन आणि पाच हे आकडे तर आरशातल्या भावांसारखे. त्यांना वेगळे करणारे बाक नेमके गेलेले. आता गणिताला बोलावले. आठ आणि नऊ त्याने बाद केले, कारण वर सातापेक्षा मोठा आकडा चालतच नाही. उरल्या दोन जोड्या: वर शून्य आणि खाली दोन, किंवा वर तीन आणि खाली पाच. पहिली खरी असेल तर रिकामे वजन ३२६०. व्यापारी निर्दोष, तक्रार खोटी. दुसरी खरी असेल तर रिकामे वजन ३५६०. गाडी सुमारे तीन क्विंटलने जड दाखवली गेली. त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २१८३ रुपये होता. त्या भावाने तीन क्विंटलचे ६५४९ रुपये होतात. दोन एकरांच्या माणसाला ही रक्कम लहान नव्हे.

आता मोहाची जागा पाहा. शेतकरी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणत होता, "गुरुजी, तो तीनच आहे ना जी?" त्याचे नुकसान झाले असावे असे मलाही वाटत होते. शिवाय मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. रिकामी जागा दिसली की ती भरायची, आणि अशी भरायची की भरल्याचे कळू नये, हाच माझा दुसरा धंदा. तीन लिहून मोकळे होणे अगदी सोपे होते.

पण दुसऱ्या बाजूचा मोह याहून सूक्ष्म आहे, आणि तो शहाण्या माणसाला होतो. एखादा तटस्थ वाचक म्हणेल, "या गाडीचे रिकामे वजन दुसऱ्या चिठ्ठीत ३२५० आहे, तेव्हा येथे ३२६० असणार, म्हणून हरवलेला आकडा दोन." किती समंजस वाटते हे! आणि तरीही हे चूक आहे. रिकामे वजन जेवढे असायला हवे तेवढेच चिठ्ठीत आहे की नाही, हाच तर वाद होता. जे असायला हवे त्यावरून जे आहे ते वाचू लागलो, तर कागदावरची लबाडी किंवा हयगय कधीच सापडायची नाही. प्रत्येक पुसट चूक आपण आपल्या हाताने दुरुस्त करून ठेवू. ज्या गोष्टीची साक्ष काढायची, तीच गोष्ट गृहीत धरून साक्ष लिहायची, असा हा प्रकार होतो.

तेव्हा पुन्हा डोळ्यांकडेच जावे लागले. शून्याची उजवी कड एका अखंड वळणाने खाली येते. तीनची कड मध्यावर आत चेपते; तीनला कंबर आहे, शून्याला नाही. सुदैवाने त्याच चिठ्ठीवर, त्याच यंत्राने छापलेला स्वच्छ तीन आणि स्वच्छ शून्य खालच्या ओळीतच होते. छायाचित्र मोठे करून तीनही आकडे शेजारी ठेवले. पुसट आकड्याची कड मध्यावर आत गेल्यासारखी दिसत होती. दोन-तीन ठिपक्यांचाच फरक, पण होता. शाळेतल्या एका सहकारी बाईंना, प्रकरण काहीच न सांगता, खिडकीतून तेवढा आकडा दाखवला. त्या म्हणाल्या, "तीन असावा. आठही असेल." शून्य त्यांनी म्हटले नाही. यावर मी नक्कल लिहिली. वरच्या ओळीत ७३४० लिहून तीनाखाली एक ठिपका दिला. खालच्या ओळीत ३[५]६० लिहिले, पाच चौकटी कंसात. आणि तळाशी एक ओळ: ठिपक्याचा आकडा अंशतः दिसतो, कंसातला दिसत नाही, तो वजाबाकीने काढला आहे.

शेतकऱ्याला हे फारसे रुचले नाही. त्याच्या मते मी त्याच्या बाजूचे दोन पुरावे दुबळे केले होते. पण खरी गोष्ट अशी की पुरावे दोन नव्हतेच. पाच हा तीनाचा पडसाद होता. तीन खरा तर पाच खरा. तीन शून्य निघाला तर पाच आपोआप दोन होतो. दोन्ही आकडे सारख्या शाईने लिहिले असते तर पुढे वाचणाऱ्याला वाटले असते की येथे दोन साक्षीदार एकमेकांना दुजोरा देत आहेत, शिवाय वजाबाकीही बरोबर येत आहे, म्हणजे तिसरा दुजोरा. वजाबाकी बरोबर येणारच. पाच तिच्यातूनच तर काढला. वजाबाकी बरोबर येते म्हणून पाच खरा, आणि पाच आहे म्हणून वजाबाकी बरोबर, असा तो दोर स्वतःलाच बांधलेला. कंस नसता तर ही गाठ कोणाला दिसली नसती.

आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान अशी दोन वेगळी प्रमाणे मानली, ती उगाच नव्हे. त्यांनी अनुमानाला हलके लेखले नाही. धूर पाहून डोंगरावर अग्नी आहे असे म्हणणारा खोटे बोलत नाही. पण त्याने "मी अग्नी पाहिला" असे म्हटले, तर अग्नी तेथे असूनही तो खोटे बोलला. संध्याकाळच्या अंधारात दिसते ते खांब की माणूस, ही त्यांची संशयाची उपमाही आपल्या परिचयाची. माझा तीन त्या संशयाच्या जातीचा होता आणि पाच अनुमानाच्या. दोघांनाही प्रत्यक्षाचे कपडे घालणे हाच दोष. त्यांना त्यांच्या कपड्यांत उभे करण्यात कमीपणा नाही.

ज्यांचे आयुष्य जुनी अक्षरे वाचण्यात गेले त्यांनी हे फार पूर्वी ओळखले. ज्या तालुक्यातली ही चिठ्ठी, त्याच तालुक्याच्या गावी, पवनीला, जगन्नाथ टेकडीवर १९६९-७०मध्ये उत्खनन होऊन जुन्या स्तूपाचे अवशेष आणि दगडांवर कोरलेले ब्राह्मी लेख सापडले. असे लेख क्वचितच अभंग मिळतात. कडा तुटलेल्या, अक्षरे झिजलेली. या प्रकारच्या वाचनासाठी युरोपातल्या विद्वानांनी १९३१ साली लायडेन येथे खुणांची एक पद्धत ठरवली. ग्रीक-लॅटिन लेखांसाठी ठरलेल्या त्या पद्धतीत तुटून गेलेले आणि संपादकाने भरलेले अक्षर चौकटी कंसात टाकतात. अक्षराचा काही अंश दिसतो, पण संदर्भ काढून घेतला तर ते दुसरेही वाचता येईल, अशा अक्षराखाली ठिपका देतात. माझा ठिपका आणि माझा कंस तेथूनच उसने घेतलेले. पुठ्ठ्याची खिडकीही त्या दुसऱ्या नियमासाठीच: संदर्भ काढून घेतल्याशिवाय ठिपका द्यावा की नाही हे कळतच नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तिचे पान ज्याने पाहिले असेल त्याला काही ओळींखाली नागमोडी रेघ दिसली असेल. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांनी आदिपर्व १९३३मध्ये पूर्ण केले, तेव्हापासूनची ती खूण आहे: येथे आम्ही जो पाठ निवडला तो पूर्ण निश्चित नाही. एका पर्वामागून एक पर्व, १९६६पर्यंत हे काम चालले. ज्यांना सर्वांत जास्त माहीत होते त्यांनीच सर्वांच्या देखत आपल्या ओळीखाली रेघ मारली, आणि ती रेघ आहे म्हणून रेघेवाचूनच्या ओळींवर आपण निश्चिंतपणे विसंबतो. खुणेचा खरा उपयोग संशयित जागा दाखवण्यात जितका आहे, तितकाच बाकीच्या जागा निःसंशय करण्यात आहे.

आमच्या चिठ्ठीत तो उपयोग लगेच झाला. साऱ्या कागदावर एकच ठिपका असल्यामुळे विचारायचा प्रश्नही एकच उरला. चिठ्ठीचा क्रमांक स्वच्छ होता. धरमकाट्यावर जाऊन "आमचे वजन चुकले" असे भांडण्याऐवजी शेतकऱ्याने एवढेच विचारले की या क्रमांकाला भरल्या गाडीचे वजन किती लागले होते. तेथल्या संगणकात नोंद होती: ७३४०. पुढचा फरकाचा हिशेब त्यांच्यात आपसात मिटला. परत आल्यावर तो मला म्हणाला, "पाहा जी, तीनच होता. मग ठिपका कायले दिला?"

या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही, कारण तो प्रश्न बहुतेक सर्वांचा आहे. उत्तर बरोबर आले की ते कसे आले हे विचारणे लोकांना किरकिर वाटते. पण ठिपका "हा तीन नसेल" असे म्हणत नव्हता. तो फक्त "मला एवढेच दिसले" असे म्हणत होता, आणि नोंद सापडल्यानंतरही ते विधान तितकेच खरे राहिले. नोंद शून्याची निघाली असती तरी ते खरेच राहिले असते. आकडा बरोबर ठरणे हे पुष्कळदा नशिबाचे असते. आपण काय पाहिले ते सांगणे मात्र सर्वस्वी आपल्या हातात असते. ज्या गोष्टीचा जाब माणसाला विचारता येतो ती ही दुसरी.

कोणी म्हणेल, एका चिठ्ठीपायी एवढा काथ्याकूट कशाला? त्यांनी आमच्या शाळांचे दाखल-खारीज रजिस्टर उघडून पाहावे. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत ज्यांची जन्मतारीख एक जून आहे अशी माणसे इतकी का, हे सर्वांना ठाऊक आहे. आईबापांना तारीख सांगता येत नसे, पोराला शाळेत घ्यायचे तर रकाना रिकामा ठेवता येत नसे, आणि मास्तर शाळेच्या वर्षाशी सोयीची तारीख लिहून टाकीत. त्यात दुष्टपणा नव्हता, दया होती. पण त्या तारखेखाली ठिपका नव्हता, तिच्याभोवती कंस नव्हता. ताडलेली तारीख दिसलेल्या तारखेच्या शाईने लिहिली गेली. पुढे तिच्यावरून नोकरी लागली, निवृत्ती ठरली, पेन्शन ठरले, आणि ती तारीख खुद्द त्या माणसालाही खरी वाटू लागली.

आणि या सर्वांत अन्याय कोणावर झाला असेल, तर जो खरोखरच एक जूनला जन्मला त्याच्यावर. त्याच्या आईला दिवस आठवत होता, तिने तो मास्तरांना सांगितला होता, मास्तरांनी तो ऐकून लिहिला होता. आज तो आपली जन्मतारीख सांगतो तेव्हा ऐकणारा हसून म्हणतो, "म्हणजे मास्तरांनी दिलेली ना?" आपण नेहमी समजतो की खूण न करता भरलेला आकडा फार तर स्वतःच खोटा ठरेल. तसे नाही. तो रकान्यातल्या सगळ्या खऱ्या आकड्यांचाही विश्वास घेऊन जातो.